मशीन हिरवं, धोरण लाल: डिचोलीतल्या एका काजू युनिटचं स्कोअरकार्ड

डिचोली तालुक्यातलं एक काजू युनिट, घरचाच धंदा, दुसरी पिढी चालवतेय, साठेक कामगार आणि त्यात बहुतेक बायका. युनिटचं नाव देत नाही, आकडेही गोल केलेत आणि थोडे बदललेत, पण हिशेब ज्या बाजूला झुकतो तो तसाच ठेवलाय. मी फोंड्याला कॉस्टिंगचं काम करतो, या युनिटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नवीन मशीनचा प्रोजेक्ट संपून जवळजवळ वर्ष झालं होतं आणि मालकांची तक्रार एकच होती, "सगळं ठरल्याप्रमाणे झालं, मग पैसे कुठे गेले?"

आधी काय ठरलं होतं ते बघू. वर्षानुवर्षं हे युनिट गर डब्यात भरून व्यापाऱ्याला विकायचं, व्यापारी तो कुठे आणि कुठल्या नावाने विकतो त्याच्याशी यांचा काही संबंध नाही. किलोमागे सुटायचे जेमतेम वीस रुपये. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूगराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला (फेणीला तर २००९ मध्येच मिळाला होता) आणि मालकांच्या सुनेने घरात विषय काढला की आपण अस्सल गोव्याचा गर स्वतःच्या पाकिटात विकूया, पणजी-म्हापसा-मडगावची दुकानं, हॉटेलांची गिफ्ट शॉप, मोपा विमानतळ. पाकिटात किलोमागे दोनशे रुपये सुटतात, पॅकिंग आणि दुकानदाराचं कमिशन जाऊन. तर धोरण हे: पुढच्या तीन वर्षांत डब्यातून बाहेर पडायचं आणि गोव्याच्या बीचा जास्तीत जास्त गर पाकिटात न्यायचा. एका वाक्यात मावणारं धोरण, आणि खरं सांगायचं तर चांगलं धोरण.

त्यासाठी प्रोजेक्ट केला. हाताने-पायाने चालणाऱ्या कटरच्या जागी ऑटोमॅटिक शेलिंग लाइन, सोबत साइझप्रमाणे बी वेगळी करणारं कॅलिब्रेटर, नवीन ड्रायर, पाकीट भरायचं मशीन. क्षमता दिवसाला दीड टन कच्च्या बीवरून चार टनावर. बँकेचं कर्ज, व्हेंडरचं शेड्यूल, सगळं रीतसर. प्रोजेक्टचा जो रिपोर्ट झाला त्यात तीन केपीआय, म्हणजे काम कसं झालं ते मोजायचे मुख्य आकडे, होते आणि तिन्ही हिरवे: वेळेत पूर्ण, खर्च बजेटच्या जवळपास, आणि पहिल्या वर्षी मशीनचा वापर ८५ टक्के. बँकवाले खूश, व्हेंडरने शेवटचा हप्ता घेतला, प्रोजेक्टची फाइल कपाटात.

आता जरा गणित मांडा. चार टन, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे पूर्ण क्षमतेला हजार टन बी. ८५ टक्के म्हणजे ८५० टन. पण डिचोली-सत्तरीच्या भागातून या युनिटला सगळा जोर लावून ३०० टनांच्या आसपास बी मिळते, कारण तीच बी घ्यायला बाकीची युनिटं, सोसायट्या, दलाल सगळे उभे असतात आणि सीझन मार्च ते मे एवढाच. मग उरलेली ५५० टन कुठून आली? बाहेरून, आफ्रिकेची बी, व्यापाऱ्यामार्फत. यात बेकायदेशीर काही नाही, भारतातला कितीतरी काजू असाच आयात बीवर चालतो. पण तुमचं धोरण "अस्सल गोव्याचा गर" असेल तर या ५५० टनांनी मशीन हिरवं झालं आणि धोरण जिथल्या तिथे राहिलं, म्हणजे ज्या आकड्याचं सगळे कौतुक करत होते तो आकडा धोरणाच्या उलट दिशेला ओढत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण धोरणाचा आकडा कुठल्याच कागदावर नव्हता.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. गावची बी येते ती पोत्यापोत्याने, कुणाची चार पोती, कुणाची दहा. जुनी झाडं, बीपासून उगवलेली, प्रत्येक भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, बीची साइझ वेगळी. ऑटोमॅटिक कटरच्या ब्लेडचं अंतर बीच्या साइझवर सेट करावं लागतं, साइझ मिसळली की गर तुटतो. शिवाय गावची बी वेगळी ठेवायची तर लॉट बदलताना हॉपर रिकामं करा, साफ करा, सेटिंग बदला, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं मशीन बंद. सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह होता मशीनच्या वापरावर. मग तो काय करणार? गावची सगळी पोती एकत्र ओतली, वरून बाहेरची बीही त्याच शिफ्टला लावली, मशीन थांबायचं कामच नाही. मी विचारलं तर सरळ म्हणाला, "शेट, मशीन थांबलं की माझा पगार कापता, मिसळलं तर कोण विचारतं?" त्याच्यात त्याची काय चूक, त्याला जे मोजायला दिलं ते त्याने वाढवून दाखवलं.

परिणाम दोन झाले. एक, आख्ख्या गराचं प्रमाण हातकटिंगला ८० टक्के असायचं ते ७० वर आलं. दोन, बी मिसळल्यावर कुठला गर गोव्याचा हे कुणालाच छातीठोक सांगता येईना, त्यामुळे बाहेरची बी यायच्या आधी जेवढा माल निघाला होता तेवढाच गोव्याचा म्हणून पाकिटात गेला, ३० टन. चार किलो बीला साधारण एक किलो गर धरला तर ३०० टनांचा गर होतो ७५ टन. म्हणजे ४५ टन गोव्याचा गर, ज्याच्यासाठी शेतकऱ्याला जास्त दर दिला, तो पुन्हा डब्यातच गेला, वीस रुपयांच्या मार्जिनवर.

इथे बॅलन्स्ड स्कोअरकार्डचा विषय आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉबर्ट कॅपलन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत ही पद्धत मांडली. फक्त पैशाचे आकडे बघून धंदा चालवू नका, चार बाजूंनी बघा: पैसा, ग्राहक, आतली कामाची पद्धत, आणि माणसांचं शिकणं-वाढणं. बहुतेक लोक इथेच थांबतात, चार चौकोन काढतात, प्रत्येकात पाच-सहा केपीआय भरतात आणि झालं स्कोअरकार्ड. खरी गंमत नंतरच्या भागात आहे, ज्याला ते स्ट्रॅटेजी मॅप, म्हणजे धोरणाचा नकाशा, म्हणतात, तिथे चौकोनांना बाण जोडायचे असतात: हे शिकलं तर हे काम सुधारेल, ते सुधारलं तर ग्राहक असं वागेल, तो तसा वागला तर पैसा येईल. प्रत्येक बाण म्हणजे एक अंदाज आहे आणि तो चुकूही शकतो, हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही काय केलं तर वरून खाली आलो. पैसा: पाकिटातून आलेला ढोबळ नफा, एकूण ढोबळ नफ्याच्या किती टक्के. विक्री मुद्दाम घेतली नाही, कारण आयात बी डब्यात विकूनही विक्री फुगते. ग्राहक: इथे जरा वाद झाला. मालकांच्या मुलाला टुरिस्टचं रेटिंग हवं होतं. पण टुरिस्ट एकदा येतो, काजू घेतो, विमानात बसतो, पुन्हा आला तर आला. यांचा खरा ग्राहक दुकानदार आहे. म्हणून केपीआय ठरला: मागच्या वर्षी याच महिन्यात माल घेतलेल्या दुकानांपैकी किती दुकानांनी या वर्षी याच महिन्यात पुन्हा घेतला. "याच महिन्यात" हे शब्द महत्त्वाचे, गोव्यात ऑक्टोबर ते मार्च धंदा वेगळा आणि जुलै वेगळा, मागच्या महिन्याशी तुलना केली तर पावसाळ्यात दरवर्षी तुम्ही नापास आणि डिसेंबरात दरवर्षी पास.

आतली पद्धत: दोन केपीआय. पहिला, गोव्याच्या बीतून आख्ख्या गराचं प्रमाण. दुसरा, गोव्याच्या बीपैकी किती टक्के बी गावनिहाय लॉट न मिसळता पाकिटापर्यंत गेली. शिकणं: इथे सगळीकडे "ट्रेनिंगचे तास" लिहितात, त्याचा उपयोग मला तरी आजवर दिसला नाही, तास भरतात आणि कामात फरक शून्य. आम्ही लिहिलं: कॅलिब्रेटर आणि कटरचं सेटिंग स्वतः करू शकणारी माणसं किती, आणि सोलणं आणि ग्रेडिंग दोन्ही येणाऱ्या बायका किती. दुसरं कशाला, तर चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी दुकानांची मागणी चढते आणि नेमक्या तेव्हाच निम्मी बायमाणसं रजेवर, ग्रेडिंगचं टेबल रिकामं, माल पडून. दोन्ही कामं येणाऱ्या बायका असतील तर आहे त्या माणसांत टेबल चालतं.

एकूण सहा केपीआय, सातवा घेऊ दिला नाही. त्यांची जुनी एक्सेल होती चौतीस आकड्यांची, ती तशीच राहू दिली, फॅक्टरी चालवायला ती लागते, बॉयलरचं प्रेशर, लाकूडफाटा, हजेरी. ते आकडे रोज बघायचे, पण ते धोरण नाही.

आता यातला एक केपीआय सबंध उलगडून दाखवतो, कारण नुसतं "आख्ख्या गराचं प्रमाण" लिहून काही होत नाही. पहिला प्रश्न, मोजायचं कुठे? कटरवर मोजलं तर ८२ येतं, ड्रायरनंतर सोलताना आणखी गर तुटतो, ग्रेडिंगच्या टेबलवर ७०-७२ येतं. कटरवाला म्हणतो माझं चांगलं आहे, सोलणाऱ्या बायका म्हणतात आम्हाला येतो तोच तडकलेला येतो. दोघंही खरं बोलतात. म्हणून एकच जागा ठरवली, ग्रेडिंगनंतर, आणि सूत्र एवढंच:

```
आख्खा गर % = (ग्रेडिंगनंतर आख्खा गर, किलो ÷ ग्रेडिंगनंतर एकूण गर, किलो) × १००
```

फक्त गोव्याच्या लॉटसाठी, आठवड्याला एकदा, आकडा स्टोअरच्या वजनकाट्याच्या वहीतून, मालकी प्रॉडक्शन सुपरवायझरची. ७४ च्या खाली लाल, ७७ च्या वर हिरवा. मग याची किंमत काढली: ७५ टनांत एक टक्का म्हणजे ७५० किलो गर पाकळी न होता आख्खा राहिला, दोन्हींच्या दरात किलोमागे दीडशे धरले तर एका टक्क्याला वर्षाचे साधारण सव्वा लाख, थोडं कमीच. हा आकडा वहीच्या वर लिहून ठेवला. सुपरवायझरला "धोरणात्मक उद्दिष्ट" वगैरे सांगून काही वाटत नाही, टक्क्याचे सव्वा लाख लगेच कळतात.

दोन महिन्यांत आकडा ७८ वर गेला. एवढ्या झपाट्याने केपीआय सुधारला की मी आधी वहीवर संशय घेतो. एका पाकिटलॉटमधून किलोभर गर काढून पुन्हा ग्रेड केला तर त्यात टवके उडालेले, कोपरे तुटलेले गर आख्ख्यात टाकलेले. ग्रेडिंगवरची वडीलधारी वहिनी हसत म्हणाली, "दादाने सांगितलं, थोडं बघून घे वयनी." म्हणून या केपीआयला जोडीदार दिला: आठवड्याला एक किलो नमुना, दुसऱ्या विभागाच्या माणसाने पुन्हा ग्रेड करायचा, फरक तीन टक्क्यांहून जास्त आला तर त्या आठवड्याचा मूळ आकडा धरायचाच नाही. एका केपीआयला पैसे जोडले की त्याच्या उलट बाजूला ओढणारा दुसरा ठेवावा लागतो, नाहीतर लोक आकडाच सुधारतात, माल नाही. नंतर खरा आकडा ७३ निघाला आणि हळूहळू, गावनिहाय कॅलिब्रेशन बसल्यावर, ७७ झाला.

मशीनच्या वापराचं काय केलं हा खरा कळीचा मुद्दा. मालकांचा पहिला प्रश्न तोच, "हप्ता कोण भरणार?" आणि बरोबर आहे, चार टनांच्या मशीनला ३०० टन बी देऊन कर्ज फिटणार नाही. काही सल्लागार इथे शुद्धतेचा आग्रह धरतात की बाहेरची बी बंदच करा. आम्ही दिवस वाटले. गोव्याचे दिवस वेगळे, बाहेरच्या बीचे वेगळे, मध्ये पूर्ण सफाई. गोव्याच्या दिवशी गावनिहाय तीन-चार लॉट, लॉट बदलण्यात दिवसाचे अडीच तास जातात, मशीन दिवसाला चारऐवजी पावणेतीन टनच काढतं. म्हणजे ३०० टनांना ११० दिवस. उरलेल्या १४० दिवसांत बाहेरची बी जोरात, साधारण ५०० टन. एकूण ८०० टन, वापर ८५ वरून ८० टक्के. प्रोजेक्टचा जुना केपीआय लाल झाला!

पण त्याची किंमत बघा. ५० टन बी कमी म्हणजे साडेबारा टन गर कमी, बाहेरच्या बीवर डब्यात किलोमागे चाळीस सुटतात, म्हणजे पाच लाख गेले. त्याच्या बदल्यात आख्खा गर ७० वरून ७७, सात टक्के, आठ लाखांच्या आसपास आले. आणि गोव्याचा गर ओळखता येऊ लागला, हे तर वेगळंच.

आणखी एक हिशेब केला, आणि मला वाटतं घरातला वाद या हिशेबाने मिटला. बाहेरच्या ५५० टन बीचा गर होतो साधारण १३७ टन, चाळीसने ५५ लाख दिसतात. पण ती बी घ्यायला वर्षभर सरासरी अडीच कोटी अडकलेले होते, दहा टक्क्यांनी व्याज २५ लाख, आणि हे व्याज सगळ्या धंद्याच्या खात्यात एकत्र जात होतं, बाहेरच्या बीच्या नावावर कुणी टाकलंच नव्हतं. उरले ३० लाख. आता गोव्याचा एक टन गर डब्यातून पाकिटात नेला तर किलोमागे २०० वजा २०, म्हणजे टनाला एक लाख ऐंशी हजार. १७ टन नेले की ३० लाख. ४५ टन डब्यात पडलेत त्यातले १७. ज्या बीच्या मागे सगळं युनिट धावत होतं तिची वर्षाची कमाई एवढीच. (यात पाकीट विकायला लागणारा सेल्समन आणि गाडी धरलेली नाही, ती धरली तर १७ ऐवजी २० टन म्हणा, चित्र बदलत नाही.)

मशीनच्या वापराचा केपीआय मग दोन तुकड्यांत तोडला. बाहेरच्या दिवशी वापर मोजायचा, गोव्याच्या दिवशी वापर मोजायचाच नाही, फक्त आख्खा गर आणि लॉट न मिसळणं. सुपरवायझरचा इन्सेंटिव्हही तसाच तोडला. हे लिहायला एक ओळ लागते, घडायला तीन मीटिंगा लागल्या, कारण मशीन रिकामं दिसलं की मालकांच्या पोटात दुखतं.

प्रोजेक्टच्या कागदातच हे आधी कसं पकडता आलं असतं? मला दोन जागा दिसतात. एक म्हणजे स्वीकृती चाचणी. व्हेंडरचे शेवटचे दहा टक्के मशीन तासाला किती किलो कापतं यावर बांधलेले होते, आणि चाचणीला व्हेंडरनेच आणलेली एकसारखी बी वापरली. तेच पैसे "स्थानिक मिश्र साइझची बी, कॅलिब्रेट करून, ग्रेडिंगनंतर आख्खा गर अमुक टक्के" यावर बांधले असते तर ब्लेड सेटिंगचा प्रश्न व्हेंडरच्या माणसासमोरच बाहेर आला असता, त्याच्या खर्चाने. दुसरी जागा म्हणजे प्रोजेक्ट कधी संपतो याची तारीख. मशीन सुरू झालं तो आउटपुट. गोव्याचा गर वेगळा आणि आख्खा निघाला तो आउटकम, आणि पाकिटाचा नफ्यातला वाटा वाढला तो धोरणाचा परिणाम. पहिला दिसतो लगेच, दुसरा सहा महिन्यांनी, तिसरा एक-दोन सीझननंतर. प्रोजेक्ट मॅनेजर पहिल्यालाच घरी गेला, मग दुसऱ्याचा मालक कोण? या युनिटात कुणीच नव्हता. आता नवीन प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर एक ओळ असते: हा प्रोजेक्ट सहापैकी कुठला केपीआय, कितीने, कधीपर्यंत हलवणार, आणि सुरू झाल्यावर सहा आणि बारा महिन्यांनी तो आकडा कोण सांगणार, पदासकट.

या एका ओळीने लगेच एक काम केलं. दोन प्रस्ताव टेबलावर होते, हायवेला शोरूम आणि पाकिटात नायट्रोजन भरायची सोय. शोरूम दिसायला झकास, घरातल्या निम्म्या लोकांना तेच हवं होतं. पण ओळ भरायला बसल्यावर शोरूम सहापैकी नक्की काय हलवणार ते कुणाला लिहिता येईना, "ब्रँडची ओळख" लिहिलं ते खोडलं, कारण ते आमच्या नकाशात नव्हतंच. नायट्रोजनवाल्याने लिहिलं: पावसाळ्यात गर मऊ पडून परत येणारा माल कमी, त्यामुळे दुकानांची फेरमागणी वर. पैसे नायट्रोजनला गेले. शोरूम कदाचित चांगलंही चाललं असतं, ते कुणी नाकारत नाही, पण ते वेगळ्या धोरणाचं काम आहे.

बाण म्हणजे अंदाज असं वर म्हटलं होतं ते आता. नकाशात एक बाण होता की लॉट वेगळा राहिला, पाकिटावर गावाचं नाव आलं, की दुकानदार जास्त घेईल. ऐकायला अगदी पटतं. दुसऱ्या सीझननंतर चाळीस दुकानांचा महिन्यामहिन्याचा डेटा मांडला. ज्यांना गावाच्या नावाची पाकिटं गेली आणि ज्यांना साधी गोव्याची गेली, त्यांच्या फेरमागणीत सांगण्यासारखा फरक नाही. फरक कशात दिसला? माल पॅक होऊन दुकानात किती दिवसांत पोचला, आणि मागितलेल्यापैकी किती पाकिटं एकाच खेपेत मिळाली. वीस दिवसांच्या आत पोचलेल्या आणि पूर्ण ऑर्डर मिळालेल्या दुकानांची फेरमागणी स्पष्ट वर. दुकानदार म्हणजे शेवटी दुकानदार, त्याला शेल्फ रिकामं नको आणि परत आलेलं पाकीट नको.

चाळीस दुकानं म्हणजे फार नाहीत, आणि ज्यांना माल आधी पोचतो ती दुकानं मुळातच मोठी आणि जवळची आहेत, त्यामुळे कशाने काय झालं हे यावरून शपथेवर सांगता येत नाही. पण बाण मोडायला एवढं पुरे. गावनिहाय लेबल बंद केलं. लॉट वेगळा ठेवणं मात्र चालू आहे, कारण ते ग्राहकासाठी नाही, कॅलिब्रेशनसाठी आणि गोव्याचा म्हणून विकायच्या हक्कासाठी लागतं, म्हणजे तोच केपीआय राहिला पण त्याचा बाण दुसरीकडे वळला. आणि ग्राहकाखाली "वीस दिवसांत पूर्ण ऑर्डर" हा नवा आला, एक जुना गेला, सहाचे सहाच.

हे तपासणं फार कमी जण करतात. क्रिस्तोफर इटनर आणि डेव्हिड लार्कर या दोघांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतच लिहिलं होतं की त्यांनी पाहिलेल्या १५७ कंपन्यांपैकी फक्त २३ टक्के कंपन्या असे कारण-परिणामाचे नकाशे नियमाने बांधून तपासत होत्या. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर डिचोलीतल्या युनिटने दोन सीझनचा डेटा मांडला हे मला बरंच वाटलं. डेटा मांडायला काही सॉफ्टवेअर लागलं नाही, बिलांची वही आणि सुनेने संध्याकाळी बसून केलेली एक्सेल.

दुसऱ्या वर्षअखेर पाकिटात ४१ टन गेले, ठरवले होते ४७. अकरा टन वाढीचे वीस लाख आले. उरलेले सहा टन का राहिले ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं: चवथीच्या आधीचे तीन आठवडे ग्रेडिंगचं टेबल अडलं, दोन्ही कामं येणाऱ्या बायका ठरवल्या होत्या बारा, झाल्या सात. सोलणं किलोवर मिळतं आणि ग्रेडिंग रोजावर, त्यामुळे सोलण्यात हात बसलेल्या बाईला ग्रेडिंग शिकायला बसवलं की तिचे तेवढे दिवस पैसे कमी. ट्रेनिंग ठेवलं, तास भरले, बायका आल्या आणि पुन्हा सोलायला गेल्या. यंदा शिकण्याच्या दिवसांना तिच्या मागच्या महिन्याच्या सोलण्याच्या सरासरीइतका रोज द्यायचं ठरलंय, पाच बायकांचा खर्च साठ-सत्तर हजारांच्या पुढे जात नाही, आणि तो धोरणाच्या खर्चात वेगळा धरलाय, फॅक्टरीच्या मजुरीत नाही, नाहीतर जूनमध्ये मजुरी वाढली म्हणून कुणीतरी पहिल्यांदा तोच कापेल.